वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांना आभाराचे पत्र कसे लिहावे

डोळ्यांच्या डॉक्टरांचे आभार बहुतेक घरांत ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पट्टी निघाल्याबरोबर मानले जातात. पेढ्यांचा पुडा पुढे केला जातो, कोणी पाया पडते, कोणी फोटो काढते आणि तेवढ्यात बाहेरच्या बाकावरचा पुढचा रुग्ण आत येतो. हा आनंद खरा असतो, पण त्या सकाळी ऑपरेशनचा निकाल पुरता हाती आलेला नसतो, हे डॉक्टरांना ठाऊक असते आणि आपल्याला नसते. अंतिम नजर ठरायला आणखी काही आठवडे लागतात. तोपर्यंत रुग्ण चष्मा घेऊन गावी परतलेला असतो. मिरजेत मिशन रुग्णालय सुरू करणाऱ्या डॉ. वॉनलेस यांच्या काळापासून मिरज-सांगलीला उपचारांसाठी लांबलांबून माणसे येत आली आहेत, आणि तितक्याच लांब परत जात आली आहेत. त्यामुळे ज्या डोळ्यात आपण भिंग बसवले त्या डोळ्याने तो माणूस पुढे नेमके काय करू लागला, हे ऑपरेशन करणाऱ्याला क्वचितच कळते. ही माहिती फक्त घरच्यांकडे असते, आणि माझ्या मते आभाराच्या पत्रात तीच असायला हवी.

खाली जी पद्धत सांगितली आहे ती माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, उजव्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर लिहिलेल्या पत्रावरून सांगितली आहे. आम्ही तासगाव तालुक्यातले. द्राक्षे आणि बेदाणा हा घरचा व्यवसाय, आणि ऑपरेशन झाले सांगलीतल्या एका लहान खासगी नेत्र रुग्णालयात. डॉक्टरांचे नाव येथे देत नाही, त्याचे कारण पुढे येईलच.

पत्र केव्हा लिहावे

चष्म्याचा अंतिम नंबर निघाल्यानंतर लिहावे. फेको पद्धतीच्या ऑपरेशनमध्ये छेद साधारण दोन ते तीन मिलिमीटरचा असतो आणि बहुधा टाका लागत नाही, तरीही डोळ्यातली सूज उतरून नंबर स्थिर व्हायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. थेंबही याच काळात टप्प्याटप्प्याने कमी करत थांबवले जातात. त्याआधी लिहिलेले पत्र हे अर्ध्या निकालावरचे पत्र असते.

मग पट्टी निघते त्या दिवशी काय करावे? एका वाक्यात मनापासून आभार मानावेत आणि उरलेली दोन मिनिटे कामाच्या प्रश्नांसाठी वापरावीत: कोणता थेंब दिवसातून किती वेळा घालायचा, दोन थेंबांमध्ये किती अंतर ठेवायचे, डोक्यावरून अंघोळ केव्हा करायची, शेतात धुळीत केव्हा जायचे, आणि रात्री-अपरात्री काही वाटले तर कोणत्या नंबरवर फोन करायचा. यांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असून नेमका तोच विचारायचा राहून जातो.

येथे एका धोक्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तो कृतज्ञतेतूनच निर्माण होतो. आपल्याकडची वडीलधारी माणसे डॉक्टरांचे उपकार मानू लागली की तक्रार करायला संकोचतात. डोळा दुखत असला तरी "एवढं चांगलं केलं त्यांनी, आता कुठं त्रास द्यायचा" असे म्हणून गप्प राहतात. ऑपरेशननंतर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होणे ही दुर्मीळ पण गंभीर गोष्ट आहे. तो झालाच तर बहुतेक वेळा पहिल्या आठवड्याच्या आसपास डोके वर काढतो आणि तेव्हा तासांचाही हिशेब असतो. वाढत जाणारे दुखणे, वाढती लाली, पूसारखा स्राव, पापण्यांची सूज आणि मुख्य म्हणजे आलेली नजर पुन्हा कमी होणे, यांपैकी काहीही जाणवले तर त्याच वेळी फोन करून रुग्णालयात जावे. थोडे खुपणे, पाणी येणे आणि उजेड सहन न होणे पहिले काही दिवस असू शकते. फरक ओळखण्याची सोपी रीत अशी की साधा त्रास दिवसागणिक उतरत जातो आणि धोक्याचा त्रास चढत जातो.

म्हणून आभार आणि तक्रार एकाच निरोपात कधीही घालू नयेत. "मॅडम, खूप खूप धन्यवाद, अण्णा आनंदात आहेत, फक्त कालपासून जरा अंधुक दिसतंय" असा निरोप मोबाइलवर गेला, तर वाचणारा पहिल्या ओळीवर हसून पुढे सरकण्याची शक्यता असते. तक्रार असेल तर फक्त तक्रार सांगावी, आणि तीही लिहून पाठवण्यापेक्षा बोलून सांगावी.

आधी कार्ड वाचावे

पत्र लिहायला बसण्यापूर्वी घरी सोडताना मिळालेले कार्ड काढून नीट वाचावे. बहुतेक कुटुंबे त्यावरची औषधे तेवढी पाहतात. त्यावर कोणता डोळा, ऑपरेशनची तारीख, पद्धत, भूल थेंबांची होती की इंजेक्शनची, आणि बसवलेल्या भिंगाची माहिती असते. भिंगाच्या वेष्टनावरचा एक छोटा स्टिकर कार्डावर चिकटवलेला असतो किंवा वेगळ्या ओळखपत्रावर दिलेला असतो. त्यावर कंपनी, मॉडेल, भिंगाची ताकद आणि अनुक्रमांक छापलेला असतो. हे भिंग आयुष्यभर डोळ्यात राहणार असल्याने तो स्टिकर जपून ठेवावा. उन्हात किंवा दमट कपाटात त्याची शाई उडते, म्हणून त्याचा मोबाइलवर फोटोही काढून ठेवावा.

अण्णांच्या कार्डावर ऑपरेशनच्या नोंदीत एक ओळ होती: बाहुली लहान राहिली, हूक वापरले. ही ओळ समजून घेतल्यावर पत्रातला मुख्य परिच्छेद आपोआप तयार झाला. गोष्ट अशी होती. मोतीबिंदू काढण्यासाठी डॉक्टरांना बाहुलीतूनच आत काम करावे लागते आणि त्यासाठी थेंब घालून बाहुली मोठी केली जाते. अण्णांना प्रोस्टेटच्या त्रासासाठी टॅमसुलोसिन नावाची गोळी सुरू आहे. ही गोळी लघवीच्या मार्गातले स्नायू सैल करते, आणि बाहुली मोठी करणाऱ्या स्नायूवरही तिचा परिणाम होतो. त्यामुळे ऑपरेशन चालू असतानाच बाहुली आकसते आणि तिच्याभोवतीचा रंगीत पडदा लुळा पडून हलू लागतो. या गोळीचा आणि ऑपरेशनमधल्या या अडचणीचा संबंध वैद्यकीय जगासमोर २००५ साली स्पष्टपणे मांडला गेला. गोळी आधी काही दिवस बंद केली तरी हा परिणाम पूर्णपणे जातोच असे नाही. मात्र डॉक्टरांना आधी माहीत असेल तर ते बारीक हूक किंवा कडे वापरून बाहुली उघडी धरून ठेवतात.

पहिल्या तपासणीत मॅडमनी अण्णांना मधुमेह, रक्तदाब आणि रक्त पातळ करणारी गोळी यांच्याबरोबर "लघवीसाठी काही गोळी घेता का?" असे विचारले होते. अण्णा माझ्याकडे बघून लाजले, कारण हा प्रश्न डोळ्यांच्या दवाखान्यात येईल असे त्यांना वाटले नव्हते. हा एक प्रश्न विचारला गेला नसता तर आम्ही ती गोळी सांगितली नसती. आभार मानायचे तर अशा गोष्टीचे मानावेत.

प्रत्येक कार्डात अशी ओळ सापडेलच असे नाही. अगदी सरळ झालेल्या ऑपरेशनच्या नोंदीत काहीही विशेष नसते, आणि तसे असेल तर ओढूनताणून काही शोधू नये. पण मोतीबिंदू फार पिकून कठीण झाला होता, रुग्णाला पाठीच्या बाकामुळे सरळ झोपता येत नव्हते, खोकला होता, ऐकू कमी येत असल्याने टेबलावर सूचना समजत नव्हत्या, यांपैकी काहीतरी बऱ्याच वेळा असते. कार्डावरचा एखादा शब्द समजला नाही तर नंबर काढायला जाल तेव्हा विचारून घ्यावा. तो पत्रात अंदाजाने वापरू नये.

घरात नेमके प्रश्न विचारावेत

"आता कसं दिसतंय?" या प्रश्नाला वडील "झकास" असे उत्तर देतात आणि विषय संपतो. त्या उत्तरातून पत्र लिहिता येत नाही. त्याऐवजी ऑपरेशनपूर्वी त्यांनी कोणते काम सोडून दिले होते ते आठवावे आणि त्या कामाच्या जागी जाऊन पाहावे.

आमच्याकडे ते काम बेदाणा निवडण्याचे होते. शेडमधून उतरवलेला माल निवडताना काडी, डाग पडलेले दाणे आणि रंगाचा फरक डोळ्यानेच पकडावा लागतो. सौद्यात दर ठरताना हिरव्या आणि पिवळ्या मालाची सरमिसळ लगेच दिसते आणि दरावर परिणाम होतो. अण्णांनी हे काम सोडले होते, कारण काडी दिसत नव्हती आणि सगळा माल त्यांना एकाच पिवळट रंगाचा वाटत होता. मोतीबिंदूत नैसर्गिक भिंग नुसते धुरकट होत नाही, ते पिवळे-तपकिरी होत जाते. त्यामुळे निळ्या बाजूचा प्रकाश अडतो आणि रंग मळकट होतात. हे इतके हळूहळू घडते की माणसाला ते कळतही नाही.

नवा चष्मा आल्यावर एका सकाळी मी अण्णांच्या ओंजळीत बेदाणे दिले आणि एकेक डोळा झाकून पाहायला सांगितले. त्यांच्या डाव्या डोळ्यात अजून मोतीबिंदू आहे. उजवा डोळा झाकल्यावर ते म्हणाले, "पिवळा." डावा झाकल्यावर काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "हिरवा हाय की गं ह्यो. आनि काडी दिसती." ओंजळ तीच होती. दोन डोळ्यांतला हा फरक एकाच डोळ्याचे ऑपरेशन झालेल्या कोणत्याही घरात पाहता येतो. पांढरे धोतर, दुधाचे पातेले किंवा निळी साडी समोर धरून हे करून पाहावे.

याबरोबर तपासणीतली दृष्टीही लिहून घ्यावी. ऑपरेशनपूर्वी अण्णांची उजव्या डोळ्याची नजर ६/६० होती, म्हणजे निरोगी डोळ्याला जे अक्षर साठ मीटरवरून दिसावे ते त्यांना सहा मीटरवर आल्यावर दिसत होते. नंतर चष्म्यासह ती ६/९ झाली. हे आकडे डॉक्टरांकडे असतातच, त्यामुळे पत्रात ते देण्याची गरज नाही, पण आपल्या समजुतीसाठी ते हवेत. आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. साधे, एकाच अंतरासाठीचे भिंग बसवले असेल तर दूरचे स्वच्छ दिसते आणि जवळच्या कामाला चष्मा लागतोच. तो लागला म्हणून ऑपरेशनमध्ये काही उणे राहिले असे होत नाही. पत्रात "आता चष्म्याची गरजच उरली नाही" असे कौतुक म्हणूनही लिहू नये. ते खरे नसेल, तर वाचणाऱ्याला पुढच्या सगळ्या वाक्यांवर शंका येते.

पत्र

पत्र एका पानाचे असावे, हाताने लिहिलेले असेल तर उत्तम, आणि त्यावर रुग्णाचा नोंदणी क्रमांक व ऑपरेशनचा महिना असावा. रोज अनेक रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांना नावावरून माणूस आठवेलच असे नाही. क्रमांकावरून कागद काढता येतो.

माझ्या पहिल्या मसुद्याची सुरुवात अशी होती: "आपल्या रूपाने आम्हाला साक्षात देवच भेटला. आपण माझ्या वडिलांना नवी दृष्टी दिलीत. आपले उपकार आम्ही सात जन्म विसरणार नाही." या वाक्यांत खोटे काही नाही, परंतु ती कोणत्याही रुग्णाने कोणत्याही डॉक्टरांना लिहिता येतील आणि त्यांतून अण्णा दिसत नाहीत. शिवाय देव म्हटले की चूक करायची मुभा उरत नाही, आणि डावा डोळा अजून बाकी असताना कोणत्याही सर्जनला ते ओझे नकोच असणार. नंतर लिहिलेले पत्र नावे गाळून देते:

"आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

जानेवारीत आपण माझ्या वडिलांच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन केलेत. चष्म्याचा नंबर आता निघाला आहे, म्हणून हे पत्र आज लिहीत आहे.

आमचा बेदाण्याचा व्यवसाय आहे. काडी दिसत नाही आणि हिरवा-पिवळा माल वेगळा काढता येत नाही, म्हणून वडिलांनी निवडण्याचे काम सोडले होते. या हंगामात जवळचा चष्मा लावून ते सकाळच्या उजेडात शेडच्या दाराशी निवडायला बसतात, आणि आमच्या हातून राहिलेल्या काड्या आम्हालाच दाखवतात. ऑपरेशनपूर्वी आपण 'तुमचे रोजचे काम काय?' असे विचारून, जवळच्या कामाला चष्मा लागेल हे स्पष्ट सांगितले होते. त्यामुळे चष्मा आला तेव्हा त्यांना वाईट वाटले नाही.

पहिल्या तपासणीत आपण त्यांना लघवीच्या गोळीबद्दल विचारलेत. तिचा डोळ्याशी संबंध असेल हे आम्हाला माहीत नव्हते आणि आम्ही आपणहून ते सांगितले नसते. कार्डावरची बाहुलीबद्दलची नोंद वाचल्यावर त्या प्रश्नाचे महत्त्व कळले. त्या प्रश्नासाठी आणि त्यानंतरच्या तयारीसाठी मी आपली विशेष आभारी आहे.

डोळ्याचे माप घेताना वडील सारखी पापणी मिटत होते. आपल्याकडच्या ताईंनी न रागावता पुन्हा पुन्हा माप घेतले. ऑपरेशनच्या खोलीतल्या सिस्टरांनी त्यांचा हात धरून ठेवला होता, हे वडील प्रत्येकाला सांगतात. या दोघींपर्यंत आमचे आभार पोहोचवावेत, ही विनंती.

आपली नम्र,"

पत्राखाली अण्णांनी स्वतः एक ओळ लिहिली आणि सही केली. ओळ होती, "काडी दिसती." मी ती शुद्ध करून दिली नाही. वडील किंवा आई लिहू शकत असतील तर त्यांच्या हाताची एक ओळ पत्रात जरूर असू द्यावी, कारण ऑपरेशन झालेल्या डोळ्याने पाहून काढलेले अक्षर हाही एक पुरावाच असतो. लिहिता येत नसेल तर त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत अवतरणात घ्यावे.

काय वगळले तेही सांगते. बिलात मिळालेल्या सवलतीचा उल्लेख केला नाही, कारण पत्र इतरांनी वाचले तर तो डॉक्टरांनाच अडचणीचा ठरतो. दुसऱ्या कोणत्या दवाखान्यात आम्हाला कसा अनुभव आला होता, तेही लिहिले नाही. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांभोवती अण्णांना थोडे वलय दिसते, ते तपासणीत तोंडी सांगितले आणि पत्रात घातले नाही. डाव्या डोळ्याची तारीख लवकर मिळावी ही विनंतीही पत्रात टाकली नाही. आभारात मागणी मिसळली की आभार हे मागणीचे प्रास्ताविक वाटू लागतात.

माप घेणाऱ्यांचे आभार का

यावर थोडे थांबते, कारण घरच्यांच्या नजरेतून सुटणारी व्यक्ती बहुधा हीच असते. डोळ्यात कोणत्या ताकदीचे भिंग बसवायचे हे ऑपरेशनपूर्वीच्या मोजणीवरून ठरते. डोळ्याची पुढून मागपर्यंतची लांबी आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची वक्रता मोजून सूत्राने ताकद काढतात. सर्वसाधारण डोळ्यात लांबीच्या मोजमापात एक मिलिमीटरची चूक झाली, तर चष्म्याच्या नंबरात सुमारे अडीच ते तीनचा फरक पडू शकतो. ऑपरेशन कितीही सफाईने झाले तरी मग दूरचे धूसरच राहते. अण्णांसारखा पापणी मिटणारा, मान हलवणारा रुग्ण असेल तर माप घेणाऱ्याने कंटाळून पहिलाच आकडा मान्य करणे सोपे असते. ज्यांनी तसे केले नाही त्यांचे नाव विचारून घ्यावे आणि नाव कळले नाही तर कामावरून उल्लेख करावा. पत्रात केलेला असा उल्लेख डॉक्टर सहसा त्या व्यक्तीला वाचून दाखवतात, आणि त्याचा उपयोग तोंडी "सगळ्यांना धन्यवाद सांगा" यापेक्षा कितीतरी अधिक असतो.

पत्र देणे आणि सोबतची भेट

पत्र पाकिटात घालून स्वागतकक्षात द्यावे किंवा तपासणी संपल्यावर हातात द्यावे. "वाचून बघा ना मॅडम" असा आग्रह धरू नये, बाहेर रुग्ण बसलेले असतात. मोबाइलवर पाठवायचेच असेल तर रुग्णालयाच्या नंबरवर दिवसा पाठवावे. डॉक्टरांच्या खासगी नंबरवर, तोही अडचणीच्या वेळेसाठी दिलेल्या, आभाराचे निरोप पाठवू नयेत. त्या नंबरची घंटी वाजली की काळजाचा ठोका चुकावा, अशाच कामासाठी तो असतो.

भेटवस्तू आवश्यक नाही. आम्ही घरचा निवडलेला बेदाणा एक किलो दिला, तोही सर्व कर्मचाऱ्यांसाठी म्हणून. त्यातल्या काड्या अण्णांनी काढल्या होत्या, म्हणून त्याला काही अर्थ होता. रोख रक्कम, महाग वस्तू, सोन्या-चांदीचा निरांजन वगैरे देऊ नये. घेणाऱ्याला नाही म्हणताना अवघड होते आणि घेतले तर आणखी अवघड होते.

ऑपरेशन सांगलीच्या शासकीय रुग्णालयात किंवा शासकीय शिबिरातून झाले असेल तर भेट देऊच नये. शासकीय डॉक्टरांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू असतात आणि त्यांत भेटी स्वीकारण्यावर बंधने आहेत. तेथे पत्राचेच मोल मोठे असते. मूळ पत्र डॉक्टरांना द्यावे आणि एक प्रत नेत्र विभागाच्या प्रमुखांच्या किंवा रुग्णालयाच्या प्रमुखांच्या नावे आवक विभागात देऊन पोच घ्यावी. शासकीय दवाखान्यात वरिष्ठांपर्यंत तक्रारी लेखी पोहोचतात आणि कौतुक तोंडीच विरते, म्हणून ही छोटी तसदी घ्यावी.

जाहीर आभार टाळावेत

आपल्या भागात वर्तमानपत्रात "जाहीर आभार" छापण्याची आणि चौकात फ्लेक्स लावण्याची हौस आहे. डॉक्टरांच्या बाबतीत ही हौस त्यांना अडचणीत आणू शकते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारविषयक नियमांनुसार डॉक्टरांनी रुग्ण मिळवण्यासाठी प्रसिद्धी करायची नसते, आणि आपण केलेल्या ऑपरेशनांची किंवा उपचारांची वाखाणणी करणारी माहिती प्रसिद्ध होऊ द्यायचीही नसते. तुम्ही प्रेमाने दिलेली जाहिरात बाहेरच्या माणसाला डॉक्टरांनीच दिलेली वाटू शकते. हिरवी पट्टी बांधलेल्या वडिलांचा आणि डॉक्टरांचा एकत्र फोटो गावच्या ग्रुपवर टाकण्यापूर्वीही दोघांना विचारावे. विशेषतः वडिलांना विचारावे, कारण त्यांची आजारपणे आणि गोळ्या हा त्यांचा खासगी विषय आहे. इंटरनेटवर अभिप्राय लिहायचा असेल तर वेळ पाळली जाते का, समजावून सांगतात का, खर्च आधी सांगतात का, एवढेच लिहावे. प्रोस्टेटच्या गोळीची गोष्ट बंद पाकिटातच बरी.

नजर अपेक्षेइतकी आली नाही तर

काही डोळ्यांत मोतीबिंदू निघूनही नजर पूर्ण येत नाही, कारण मागचा पडदा मधुमेहाने खराब झालेला असतो किंवा काचबिंदूने नस सुकलेली असते. माझ्या एका मावशीच्या बाबतीत असे झाले. डॉक्टरांनी ऑपरेशनपूर्वीच सांगितले होते की वाचता येईल असे नाही, पण घरात आपले आपण फिरता येईल, आणि तसेच झाले. अशा वेळी पत्रात "दृष्टी परत आली" असे लिहिणे खोटे होते आणि काहीच न लिहिणे कोरडे होते. मावसभावाने लिहिले की आई आता जेवणाच्या ताटातली भाजी कोणती ते ओळखते, न्हाणीघरात एकटी जाते, आणि काय होणार नाही हे आपण आधी सांगितल्यामुळे घरात कोणाचीही निराशा झाली नाही. खरी अपेक्षा बांधून देणे हेही डॉक्टरांचे कामच असते आणि त्याचे आभार फार थोडे लोक मानतात. मात्र ऑपरेशनमध्ये काही बिघाड झाला अशी शंका असेल, तर आधी त्याबद्दल समोर बसून बोलावे. आभाराचे पत्र तोवर थांबू शकते.

पत्राची एक प्रत भिंगाच्या स्टिकरसह वडिलांच्या फाइलमध्ये ठेवावी. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्याच डोळ्यासमोर पुन्हा धुरकटपणा आला, तर बहुधा भिंगामागची पातळ पिशवी धूसर झालेली असते. त्यासाठी पुन्हा ऑपरेशन करावे लागत नाही, याग लेसरने काही मिनिटांत त्या पिशवीला मध्यभागी वाट करून देतात. मात्र कारण तेच आहे की दुसरे काही, हे तपासणीनेच ठरते. त्या भेटीला जाताना ही फाइल बरोबर न्यावी. आणि डाव्या डोळ्याचे ऑपरेशन त्याच डॉक्टरांकडे झाले, तर पुन्हा पानभर लिहिण्याची गरज नाही. नंबर निघाल्यावर, आता दोन्ही डोळ्यांना बेदाणा एकाच रंगाचा दिसतो का, एवढे दोन ओळींत कळवले तरी पुरते.